मागच्या हॉलचं वाकडं अंगण

आयटीला तिसरा मेल लिहायला बसले तेव्हा मी खरोखर चिडलेली होते. माझी चीड लपत नाही. मी गप्प बसले तरी स्वयंपाकघरातली भांडी आपोआप वाजायला लागतात, असं आमच्या घरी म्हणतात. ऑफिसात भांडी नाहीत, म्हणून कीबोर्ड वाजत होता.

पहिला मेल मी सभ्यपणे लिहिला होता. "मागच्या हॉलमध्ये नेटवर्क फार हळू चालत आहे, कृपया बघावे." उत्तर आलं, "पीसी रीस्टार्ट करून बघा." केला. दुसऱ्या मेलमध्ये लिहिलं, "रीस्टार्ट केला, तरी हळूच आहे." त्यावर उत्तर आलं, "आज सकाळी आपल्या पीसीवर इथूनच स्पीड टेस्ट घेतली. स्पीड उत्तम आहे. तक्रारीचे तिकीट बंद करत आहोत." उत्तम म्हणे! ताप आलेल्या माणसाचा पाय चेपून डॉक्टरने "प्रकृती उत्तम" म्हणावं, तसलं ते उत्तर.

आमचं ऑफिस कोथरूडला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली फरसाणचं दुकान, वर गणिताचे क्लास आणि मध्ये आम्ही. जुने कागद स्कॅन करून देणं हा आमचा धंदा. हाउसिंग सोसायट्यांची दप्तरं, दवाखान्यांच्या पिवळ्या पडलेल्या फायली, शाळांची जुनी रजिस्टरं, सगळं आमच्याकडे गोण्यांतून येतं आणि चित्रं होऊन परत जातं. पुढच्या हॉलमध्ये साहेबांची केबिन, हिशोबाची माणसं आणि सगळ्या फायली जिथे साठतात तो सर्व्हर. मागच्या हॉलमध्ये स्कॅनिंगची चार टेबलं आणि त्यांचं काम तपासणारी मी. आयटीची माणसं मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुख्य ऑफिसात बसतात. त्यांच्याशी बोलायचं ते मेलवरून. फोन केला तर "मेल टाका" एवढंच ऐकू येतं.

आता मुद्दा असा, की नेटवर्क हळू असल्याने माझं स्वतःचं फारसं अडत नव्हतं. अडत होतं चौथ्या टेबलावरच्या बाईचं.

ती कसबा पेठेतून बसने यायची. लग्नाआधी एका बँकेत डेटा एंट्रीचं काम करायची, मग मुलं, सासूबाईंचं आजारपण, यात बारा वर्षं गेली. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला बाहेर पडली होती. साहेबांनी तिला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. काम जमलं तर कायम, नाही तर नमस्कार. ते तीन महिने दिवाळीच्या आत संपत होते. पहिले दोन महिने ती झकास चालली. हात हलका, नजर तयार, एक पान तिरकं गेलेलं मला सापडायचं नाही. आणि दसऱ्यानंतर एकदम तिचा आकडा घसरला. रोज जेवढ्या फायली व्हायच्या त्याच्या पाऊणही होईनात.

"सवय सुटली की असंच होतं," साहेब मला म्हणाले. "सुरुवातीचा उत्साह होता, तो ओसरला. आपण काय करणार? आकडे बोलतात."

तिने एकदा धीर करून सांगितलं होतं, "सर, फाईल सर्व्हरवर जायला वेळ लागतो." त्यावर शेजारच्या टेबलावरून कुणीतरी हळूच म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." सगळे हसले. तीही हसली. मला ते हसणं आवडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास लवकर यायला लागली आणि डबा टेबलावरच उघडून एका हाताने पोळी, एका हाताने कागद असं चालू केलं. तरी आकडा हलेना.

मी विचारलं, "अगं, होतंय काय नक्की?"

"ताई, मीच हळू झालेय बहुतेक," ती म्हणाली. "घरी पण म्हणतात, आता तुझं वय राहिलं नाही या कामाचं."

वय म्हणे! माझ्याहून दहा वर्षांनी लहान बाई. मला तिचा नाही, तिला हे पटवून देणाऱ्या सगळ्यांचा राग आला. म्हटलं, अंगण वाकडं आहे का नाही ते बोलत बसण्यापेक्षा एकदा मोजून तरी बघू या.

मोजायला काय लागतं? एक फाईल आणि एक घड्याळ. मी चाळीस पानांची एक रंगीत फाईल निवडली आणि दिवसभर तीच पाठवत राहिले. सकाळी दहाला, कुणी कामाला भिडायच्या आधी, ती मागच्या हॉलमधून सर्व्हरवर पोचायला अर्धं मिनिट लागलं. जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला तीच फाईल तीन मिनिटं घुटमळत बसली. दुपारी जरा बरं. साडेचारनंतर पुन्हा तीच रड. मग मी पुढच्या हॉलमध्ये गेले आणि हिशोबाच्या बाईंना म्हटलं, "जरा उठता का, तुमच्या पीसीवरून एक फाईल पाठवायची आहे." भर गर्दीच्या वेळी ती फाईल चार-पाच सेकंदांत गेली. मला वाटलं, गेलीच नाही. सर्व्हरवर जाऊन बघितलं तर गेली होती.

जेवणाच्या आणि निघायच्या वेळीच घोडं का अडतं, ते कळायला मला मान वळवण्याएवढाच त्रास पडला. आमच्याकडे नियम असा, की एक फाईल स्कॅन करायची, सर्व्हरवर पाठवायची, पोचल्याची हिरवी खूण दिसली की मगच पुढची उघडायची. हा नियम नवा माणूस पाळतो. जुने तिघे पाळत नाहीत. ते फायली आपल्याच पीसीवर साठवतात आणि जेवायला उठताना गठ्ठाच्या गठ्ठा पाठवून देतात. संध्याकाळी निघतानाही तसंच. पीसी पाठवत बसतो, हे डबा खात बसतात. वाईट काही नाही त्यात, वर्षानुवर्षं चाललंय आणि आजवर कुणाचं बिघडलं नव्हतं. पण आता ते गठ्ठे निघाले की चौथ्या टेबलावरची बाई हिरव्या खुणेची वाट बघत बसायची. सकाळी एकेका फाईलमागे अर्धं मिनिट, जेवणाच्या वेळी तीन मिनिटं. नियम पाळणारीचाच आकडा पडत होता.

मग मी शेवटची गोष्ट केली. साहेब बाहेर गेले होते. तिला म्हटलं, "चल, उचल तुझा पीसी." आम्ही दोघींनी तिचा पीसी आणि स्कॅनर ट्रॉलीवर घालून पुढच्या हॉलमध्ये नेला आणि तिथल्या एका रिकाम्या टेबलावर भिंतीतली केबल जोडली. "आता कर नेहमीसारखं."

तिने फाईल स्कॅन केली, पाठवली आणि सवयीने हात मांडीवर ठेवून बसली. हिरवी खूण आलीच. तिने माझ्याकडे बघितलं. दुसरी पाठवली. पुन्हा लगेच खूण. तिसरी, चौथी. ती एकामागून एक पाठवत सुटली, आणि तिचे ते हात मला पुन्हा पहिल्या महिन्यातले दिसले. दहाएक फायली झाल्यावर थांबली आणि म्हणाली, "ताई, म्हणजे मी हळू नाहीये."

"नाहीयेस."

"मी नाहीच हळू," ती पुन्हा म्हणाली आणि ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. हिशोबाच्या बाई घाबरून पाणी घेऊन आल्या. मलाही भरून आलं, पण माझं भरून आलं की त्याचा रागच होतो. त्याच रागात मी तिसरा मेल उघडला.

तो मी मराठीत लिहिला. एरवी ऑफिसचे मेल इंग्रजीत लिहिते, पण इंग्रजीत माझा राग फार गोड होऊन जातो, शेवटी "थँक्यू इन ॲडव्हान्स" लिहून मोकळी होते. आणि आयटीचे दोघेही इथलेच, मराठी वाचता येत नाही म्हणायची सोय नव्हती.

साहेब यायच्या आत तिचा पीसी परत जागेवर नेला, आणि लिहिताना तिला शेजारी बसवून घेतलं. कधीपासून, हा पहिला प्रश्न. आकड्यांवरून दिसतच होतं, की दसऱ्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवसापासून. त्याआधी सगळं ठीक. मी विचारलं, "दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं ऑफिसात? मी नव्हते."

मी नसतेच त्या दिवशी. आम्ही बौद्ध. दसरा आमच्याकडेही मोठा, पण तो धम्मचक्र प्रवर्तनाचा. त्या दिवसांत नागपूरला, दीक्षाभूमीला जायचं ही माझ्या आईवडिलांपासूनची रीत. त्यामुळे खंडेनवमीला ऑफिसात यंत्रांची पूजा होते तेव्हा मी दरवर्षी रजेवर असते. परत येते तेव्हा टेबलावर माझ्या वाट्याचा पेढा ठेवलेला असतो. तो मी खाते. पेढ्याशी माझं भांडण नाही.

ती म्हणाली, "काही नाही हो, पूजा झाली. साहेबांनी स्वतः केली. सगळे पीसी पुसले, स्कॅनर पुसले. ती भिंतीवरची पेटी आहे ना वायरींची, ती पण उघडून पुसली. वायरी काढल्या. मग हळद-कुंकू, फुलं, अक्षता, आणि शेवटी वायरी परत लावल्या."

मागच्या हॉलच्या भिंतीवर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात नेटवर्कचा डबा, म्हणजे स्विच. आमच्या सगळ्या पीसींच्या केबल त्याला जोडलेल्या, आणि त्याच्यातून एक केबल पुढच्या हॉलकडे, सर्व्हरकडे जाते. मी उठून पेटी उघडली. वर झेंडूचं सुकलेलं फूल होतं. डब्यावर प्रत्येक केबलपाशी एक बारका दिवा, सगळे हिरवे. फक्त शेवटच्या केबलचा दिवा नारिंगी.

"तुम्ही पूजेचं लिहिणार?" तिने विचारलं. चेहरा एकदम उतरला. "नको ताई. साहेबांना वाटेल मीच चुगली केली. माझं आधीच..."

खरं सांगायचं तर हात माझाही थबकला. ऑफिसात आजवर कुणी मला माझ्या धर्मावरून काही बोललेलं नाही, मीही कुणाला बोललेली नाही. पण "तुमच्या पूजेनंतर नेटवर्क बिघडलं" हे वाक्य माझ्या नावाने गेलं असतं तर ते नेटवर्कबद्दल राहिलं नसतं. चार दिवस चहाच्या टेबलावर तेच चघळलं गेलं असतं आणि ही बाई बाजूलाच राहिली असती. घाबरून लपवायचं नाही, आणि डिवचायचंही नाही. मग मी विचार केला, केबलला काय ठाऊक तिला पूजेसाठी काढलं का झाडलोट म्हणून काढलं? केबल काढली आणि परत लावली, एवढंच तिच्या बाबतीत घडलं. तेवढंच लिहायचं.

मेल असा गेला.

"विषय: मागच्या हॉलचं नेटवर्क हळू. तिकीट पुन्हा उघडावे.

कधीपासून: दसऱ्यानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवसापासून, रोज.

कोणती यंत्रं: मागच्या हॉलमधले केबलने जोडलेले पाचही पीसी. पुढच्या हॉलमधला एकही नाही. माझा लॅपटॉप मागच्याच हॉलमध्ये वायफायवर वेगाने चालतो. वायफायचं यंत्र पुढच्या हॉलला जोडलेलं आहे.

कोणत्या वेळी: एकच चाळीस पानांची फाईल सर्व्हरवर पाठवून बघितली. मागच्या हॉलमधून, सकाळी दहाला अर्धं मिनिट. दुपारी एकच्या सुमारास तीन मिनिटं. दुपारी तीनला एक मिनिट. संध्याकाळी पाचला पुन्हा तीन मिनिटं. पुढच्या हॉलमधून, दुपारी एकलाच, पाच सेकंद. दुपारी एक आणि संध्याकाळी पाच या वेळी मागून बऱ्याच फायली एकदम पाठवल्या जातात, पण दसऱ्याआधीही त्या तशाच जात होत्या आणि त्रास नव्हता.

काय बिघडलेलं नाही: मेल, चॅट, लहान फायली नीट जातात. चौथ्या टेबलावरचा पीसी उचलून पुढच्या हॉलमध्ये जोडला तर तो उत्तम चालला. म्हणजे दोष पीसीचा नाही आणि तो चालवणाऱ्या व्यक्तीचाही नाही.

आणखी एक: दसऱ्याच्या आदल्या दिवशी भिंतीवरच्या पेटीची सफाई झाली. केबल काढून पुन्हा लावल्या गेल्या. तिथे पुढच्या हॉलकडे जाणाऱ्या केबलचा दिवा नारिंगी आहे, बाकी सगळे हिरवे. याचा अर्थ मला माहीत नाही, तो आपण सांगावा.

आपण घेतलेली स्पीड टेस्ट सकाळी साडेनऊची होती आणि ती इंटरनेटची होती. आमच्या फायली इंटरनेटवर जात नाहीत, पुढच्या हॉलमध्ये जातात. कृपया माणूस पाठवावा. रीस्टार्ट पाठवू नये."

साहेबांना प्रत ठेवली. शेवटचं वाक्य काढावं का, असा विचार आला. काढलं नाही.

अर्ध्या तासात फोन आला. आयटीच्या माणसाचा, स्वतःहून! "मॅडम, तो नारिंगी दिवा आधी का नाही सांगितलात?"

"अहो, तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही तिकीट बंद करण्यात गुंतला होतात."

मग तो हसला. "बरं, चूक आमची. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हेल्मेट काखेत मारून आला. तिशीतला, कोरड्या आवाजाचा, आपल्या कामात तयार माणूस. पेटी उघडून त्याने आधी नारिंगी दिव्याकडे बघितलं आणि आम्हाला नीट समजावून सांगितलं. या केबलमध्ये आठ तारा असतात. पूर्ण वेगासाठी आठही नीट टेकाव्या लागतात. एखादी सुटली तर हा डबा आपला वेग गुपचूप एक दशांशावर आणतो आणि चालत राहतो. नारिंगी दिव्याचा अर्थ तोच. "बंद पडला असता तर तुम्ही पहिल्या दिवशीच ओरडला असता," तो म्हणाला. "हा बंद पडत नाही. अख्ख्या हॉलचं काम एका बारीक बोळातून जात राहतं. सकाळी एकटं माणूस असलं तर चालून जातं. आणि आपली इंटरनेटची लाईनच मुळात तेवढ्या वेगाची, त्यामुळे माझ्या टेस्टमध्ये सगळं छान दिसलं."

साहेब मागे येऊन उभे होते. आयटीवाल्याने डब्याची वीज बंद केली, ती शेवटची केबल काढली आणि मोबाईलचा टॉर्च लावून भोकात बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून बारीक चिमटा काढला आणि अलगद काहीतरी ओढून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल, सुकून कडक झालेला.

"अक्षता," तो म्हणाला. "ओली असताना आत गेली आणि तिथेच वाळली. कोपऱ्यातल्या तारेला टेकायलाच देत नव्हती. आठांतल्या एकीला उपास घडलाय तुमच्या."

हॉलमध्ये कुणी हसेना. सगळे साहेबांकडे बघायला लागले, आणि नंतर माझ्याकडे. मला हसू फुटत होतं, खोटं कशाला बोलू. ओठ चावून धरला. साहेबांचे कान लाल झाले होते. आयटीवाल्याने केबल शेजारच्या भोकात लावली, वीज सुरू केली. दिवा हिरवा. मी माझी चाळीस पानं पाठवली आणि पाच सेकंदांत ती पोचली.

साहेबांनी मला आणि आयटीवाल्याला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"तुम्हाला मौज वाटत असेल, मॅडम," ते मला म्हणाले.

"थोडी वाटली," मी म्हटलं. "पण सर, मी पूजेबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. मेल तुमच्यासमोर आहे."

त्यांनी मेल पुन्हा वाचला. मग म्हणाले, "हो. सफाई लिहिलंत. ते मी बघितलं होतं." आवाज जरा खाली आला. आयटीवाल्याकडे वळून म्हणाले, "हे असं करा, कारणात 'केबल सैल' लिहा आणि संपवा. मुख्य ऑफिसात अक्षतांचं गेलं तर वर्षभर मला चिडवतील."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "कारण काहीही लिहा. सैल लिहा, कचरा लिहा, माझी हरकत नाही. तांदळाला बदनाम करायची मला हौस नाही. पण कधीपासून कधीपर्यंत, त्या तारखा खऱ्या लिहा. आणि कुठल्या टेबलांना त्रास झाला, तेही."

"त्याने काय होणार?" साहेबांनी विचारलं.

आता मात्र माझा आवाज चढला. "काय होणार? सर, तिला कायम करायचं का नाही, तो निर्णय आज संध्याकाळी तुम्ही मुख्य ऑफिसला पाठवणार आहात. तुमच्यासमोर तिचे दसऱ्यानंतरचे आकडे आहेत. ते आकडे तिचे नाहीत, त्या केबलचे आहेत. तिचे आकडे बघायचे असतील तर दसऱ्याआधीचे बघा. 'आकडे बोलतात' म्हणालात ना? मग पूर्ण बोलू द्या त्यांना, मध्येच तोंड दाबू नका. तिने सांगितलं होतं तुम्हाला, फाईल जायला वेळ लागतो म्हणून. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटी खरं बोलली, आणि तिलाच हसले सगळे."

साहेब म्हणजे वाईट माणूस नाही. चूक दाखवली की आधी फुगतो, मग निवळतो. निवळले, आणि आयटीवाल्याला म्हणाले, "लिहा. केबलच्या जोडणीत कचरा, अमुक तारखेपासून आजपर्यंत. मागचा संपूर्ण हॉल बाधित. आणि प्रत मला द्या, मी ती तिच्या कागदाला जोडतो."

"कचरा?" आयटीवाल्याने विचारलं.

"आता अक्षतेला कचरा म्हणवत नाही," साहेब पुटपुटले. "बाहेरचा कण लिहा."

त्या दिवशी ती अर्ध्या तासाने लवकर आलेली नव्हती. वेळेवर आली होती, आणि दुपारी आमच्याबरोबर डबा खायला बसली. जुन्या तिघांपैकी ज्याने ती म्हण टाकली होती, तो तिच्यापुढे लोणच्याची बाटली सरकवत म्हणाला, "घ्या वहिनी, आंब्याचं आहे." माफी वगैरे आमच्याकडे कुणी मागत नाही, लोणचं सरकवतात. तिने घेतलं.

चारच्या सुमाराला साहेबांनी तिला बोलावलं. मधलं दार उघडं होतं, केबिनच्या काचेतून मला दोघं दिसत होती. साहेब बोलत होते, हात हलवत होते, एकदा कागद दाखवला. ती सरळ बसली होती, पर्स मांडीवर. मी तपासायला घेतलेली फाईल एकाच पानावर अडकली होती, आणि त्याला नेटवर्क कारण नव्हतं. त्यांनी तरीही नाही म्हटलं तर? तर काय करायचं, याचे दोन-तीन मेल मी मनात लिहून तयार ठेवले होते, आणि एकाच्याही शेवटी थँक्यू नव्हतं.

ती बाहेर आली. चेहऱ्यावर काही कळेना. माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"काय झालं? बोल ना!"

"कायम करतो म्हणाले. पहिल्या तारखेपासून."

"अगं मग!" मी जवळजवळ ओरडलेच. पुढच्या हॉलमधून माना वळल्या. "सही केलीस?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

तिने आपल्या टेबलाशी जाऊन खुर्ची ओढली, बसली, पुढची फाईल उघडून पहिलं पान काचेवर नीट, कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलं. मग म्हणाली, "उद्या सांगते म्हटलं. ताई, इतके दिवस मी त्यांच्या उत्तराची वाट बघत होते. रात्री झोप नव्हती. आता एक रात्र त्यांनी बघावी."

मी केबिनकडे बघितलं. साहेब दारात येऊन उभे होते, हातात तो कागद घेऊन, आणि मला खुणेने विचारत होते, ती हो म्हणेल ना?

मी खांदे उडवले. मला तरी काय ठाऊक.